फोटोतला लोकसंख्या मनोरा कसा वाचावा? जपानच्या २०२० च्या मनोऱ्यावरून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोकसंख्या मनोऱ्यात नेमके काय दाखवलेले असते?

एखाद्या देशात, एका ठरावीक दिवशी, कोणत्या वयाचे किती पुरुष आणि किती स्त्रिया हयात होत्या एवढेच मनोऱ्यात दाखवलेले असते. वय उभ्या अक्षावर असते, सर्वांत लहान मुले तळाशी आणि सर्वांत वृद्ध माणसे शिखरावर. मधल्या रेषेपासून सहसा डावीकडे पुरुषांच्या आणि उजवीकडे स्त्रियांच्या आडव्या पट्ट्या निघतात व पट्टीची लांबी म्हणजे त्या वयोगटातील माणसांची संख्या किंवा एकूण लोकसंख्येतील त्यांचा टक्का. मनोऱ्याची उंची लोकसंख्येबद्दल काहीच सांगत नाही. ती केवळ छापणाऱ्याने पट्ट्या किती जाड ठेवल्या यावर ठरते. उंच, निमुळता मनोरा पाहून ‘येथे माणसे फार जगतात’ असा निष्कर्ष काढणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात, म्हणून हे आरंभीच नोंदवलेले बरे.

पुस्तकातल्या किंवा भिंतीवरच्या मनोऱ्याचा फोटो हाती आला, तर आधी काय पाहावे?

आकाराकडे वळण्यापूर्वी चार गोष्टी फोटोत आल्या आहेत का ते पाहावे: देशाचे नाव व वर्ष, आडव्या अक्षावरचे एकक, प्रत्येक पट्टीत किती वर्षांचा गट आहे, आणि सर्वांत वरच्या पट्टीवर काय लिहिले आहे. फोटो काढताना नेमकी ही काठावरचीच अक्षरे कापली जातात. वर्ष कापले गेले असेल तर तो मनोरा जवळजवळ निरुपयोगी ठरतो, कारण पट्टीचा अर्थ लावण्याची किल्ली वर्षातच असते. वर्ष पुढचे, म्हणजे २०५० वगैरे असेल, तर तो मनोरा मोजणीचा नसून अंदाजाचा आहे हेही ध्यानात ठेवावे.

एकक लाखांत असू शकते किंवा टक्क्यांत. टक्के असतील तर ते संपूर्ण लोकसंख्येचे आहेत, की पुरुषांचे पुरुषांत व स्त्रियांचे स्त्रियांत असे वेगवेगळे काढले आहेत, हे तपासावे लागते. त्यासाठी दोन्ही बाजूंच्या सर्व पट्ट्यांचे टक्के मिळवावेत. बेरीज १०० च्या आसपास आली तर टक्के संपूर्ण लोकसंख्येचे आहेत. २०० आली तर प्रत्येक बाजू स्वतंत्रपणे शंभर धरलेली आहे आणि अशा मनोऱ्यात डावी पट्टी उजवीहून लांब दिसली तरी त्या वयात पुरुष जास्त आहेत असे म्हणता येत नाही. काही संगणकीय आलेखांत डावीकडचे आकडे उणे चिन्हासह छापले जातात. पट्टी डावीकडे वळवण्यासाठी केलेली ती युक्ती आहे. आकडा वाचताना उणे चिन्ह सोडून द्यावे.

फोटो तिरका आला असेल तर आकार चुकीचा दिसतो का?

दिसतो, आणि चूक नेहमी एकाच बाजूने होत असल्यामुळे ती ओळखता येते. भिंतीवरच्या तक्त्याचा फोटो खाली उभे राहून, मोबाइल वर तिरपा धरून काढला की तक्त्याचा वरचा भाग कॅमेऱ्यापासून दूर जातो आणि आक्रसतो. वर वृद्धांच्या पट्ट्या असल्यामुळे वृद्ध प्रत्यक्षाहून कमी आणि मुले जास्त वाटतात. जाड पुस्तकाचे पान पूर्ण सपाट न करता फोटो काढला, तर शिवणीकडचा अर्धा मनोरा आत वळतो आणि त्या बाजूच्या पट्ट्या आखूड दिसतात. मग पुरुष-स्त्री संख्येत नसलेला फरक दिसू लागतो.

तपासणी अशी करावी. शून्यापासून डावीकडच्या एका खुणेपर्यंतचे अंतर आणि उजवीकडच्या तेवढ्याच खुणेपर्यंतचे अंतर सारखे आहे का ते मोजावे. त्यानंतर चौकटीच्या दोन उभ्या कडा वर जाताना एकमेकींकडे झुकतात का ते पाहावे. झुकत असतील तर मोजपट्टी बाजूला ठेवून मागच्या फिकट उभ्या जाळीरेषांचा आधार घ्यावा. पट्टी जितकी तिरपी झाली तितक्याच त्या रेषाही तिरप्या झालेल्या असतात, त्यामुळे पट्टी कोणत्या दोन रेषांच्या मध्ये संपते हे वाचन फोटो वाकडा असला तरी बरोबर येते. जाळीरेषा नसतील तर पान सपाट करून, समोरून, पुन्हा फोटो काढणे हाच खरा उपाय. आणखी एक बारकावा असा की, काही मनोऱ्यांत वयाचे आकडे दोन बाजूंच्या मधल्या रिकाम्या पट्ट्यात छापलेले असतात. तेथे शून्य दोन ठिकाणी असते. मापन त्या त्या बाजूच्या शून्यापासून करावे, चित्राच्या मध्यापासून नव्हे.

जपानच्या २०२० च्या मनोऱ्याला ‘मनोरा’ तरी म्हणावे का?

पायाशी रुंद आणि वर निमुळता अशा विस्तारणाऱ्या मनोऱ्याची सवय असलेल्या वाचकाला तो ओळखू येत नाही. खालचा भाग अरुंद आहे, वर जाताना तो रुंद होत जातो, पन्नाशीच्या अलीकडे एक फुगवटा येतो, मग कंबर आत जाते, सत्तरीच्या पुढे आणखी एक फुगवटा येतो आणि त्यानंतर शिखर झपाट्याने निमुळते होते. पाठ्यपुस्तकी वर्गवारीत हा संकोचणारा मनोरा आहे. परंतु असे नाव देऊन थांबले की त्यातली खरी माहिती हातून निसटते, कारण ती फुगवट्यांत आणि खाचांत आहे.

१ ऑक्टोबर २०२० च्या जपानी जनगणनेत सुमारे १२ कोटी ६१ लाख लोक मोजले गेले. त्यांत ०–४ वयोगटात सुमारे ४५ लाख आणि ४५–४९ वयोगटात सुमारे ९८ लाख माणसे होती. म्हणजे तळाची पट्टी मधल्या फुगवट्याच्या निम्म्याहूनही आखूड आहे.

फुगवटा किंवा खाच दिसली की तिचा अर्थ कसा लावायचा?

मनोऱ्याच्या वर्षातून वय वजा करावे, जन्मवर्ष मिळते. ही एक वजाबाकी केली की मनोरा जन्मांच्या नोंदवहीसारखा वाचता येतो. मोजणी वर्षाच्या मध्यावर झालेली असल्यामुळे उत्तर एका वर्षाने इकडेतिकडे होऊ शकते, तेवढी सूट ठेवावी.

सत्तरीतला फुगवटा ७१ ते ७३ या वयांवर आहे. २०२० मधून ती वये वजा केली की १९४७ ते १९४९ ही वर्षे येतात. दुसरे महायुद्ध संपून सैनिक घरी परतले, लांबलेली लग्ने झाली, आणि त्या तीन वर्षांत दरवर्षी २६–२७ लाख मुले जन्मली. त्याच्या लगेच वर, ७४–७५ वयांवर, खोल खाच आहे. ती १९४५–४६ ची, म्हणजे युद्धाच्या अखेरीस आणि लगेच नंतर घटलेल्या जन्मांची. फुगवट्याच्या खालची कंबर मात्र युद्धामुळे आलेली नाही. १९४८ च्या कायद्याने गर्भपाताला मुभा मिळाली, पुढे संततिनियमनाचा प्रसार झाला आणि १९४९ मध्ये जवळपास २७ लाख असलेले वार्षिक जन्म १९५७ पर्यंत सुमारे १५ लाख ७० हजारांवर आले. केवळ आठ वर्षांतली ही घसरण आहे. ४६ ते ४९ वयांवरचा दुसरा फुगवटा १९७१–७४ चा. तो पहिल्या फुगवट्यातल्या मुलांची मुले होत. आईबापच संख्येने जास्त होते म्हणून तीही जास्त झाली.

५४ व्या वर्षावर एकाच पट्टीची खोल खाच दिसते. ती छपाईची चूक आहे का?

ती चूक नाही, आणि माझ्या मते संपूर्ण मनोऱ्यातली सर्वांत बोलकी जागा तीच आहे. २०२० मधून ५४ गेले की १९६६ उरते. त्या वर्षी जपानमध्ये युद्ध नव्हते, दुष्काळ नव्हता, उलट अर्थव्यवस्था जोमाने वाढत होती. तरीही १९६५ मध्ये १८ लाख २४ हजार असलेले जन्म १९६६ मध्ये १३ लाख ६१ हजारांवर आले आणि १९६७ मध्ये पुन्हा १९ लाख ३६ हजारांवर गेले.

कारण होते पंचांग. आपल्याकडे प्रभव, विभव अशी साठ संवत्सरांची चक्रे मोजली जातात, तसेच चीन-जपानकडे प्राणी आणि पंचतत्त्वे यांच्या जोड्यांचे साठ वर्षांचे चक्र आहे. त्यातले ‘हिनोए-उमा’ म्हणजे अग्नी आणि घोडा यांच्या जोडीचे वर्ष १९६६ मध्ये आले. या वर्षी जन्मलेली मुलगी तापट निघते आणि नवऱ्याच्या जिवावर उठते, अशी जुनी समजूत. मुलीच्या लग्नात पुढे अडचण नको म्हणून असंख्य जोडप्यांनी त्या वर्षी मूल टाळले. मुलगा होणार की मुलगी हे आधी कळत नसल्यामुळे खाच दोन्ही बाजूंना पडली. फोटोत डावीउजवीकडे एकाच उंचीवर अशी सममित खाच दिसली की कारण जन्मांतच आहे, हे त्यावरून ओळखावे. लढाईतले मृत्यू किंवा कामासाठीचे स्थलांतर बहुधा एकाच बाजूला जास्त कुरतडते.

माझ्या पुस्तकातल्या जपानच्या मनोऱ्यात ही खाच दिसतच नाही. का?

कारण पुस्तकात बहुधा पाच-पाच वर्षांच्या पट्ट्या असतात. १९६६ ची मुले २०२० मध्ये ५०–५४ या पट्टीत येतात आणि त्याच पट्टीत पुढच्या वर्षांतली भरपूर मुलेही असतात. परिणामी ५०–५४ ची पट्टी सुमारे ८७ लाखांची भरते, वरची ५५–५९ ची सुमारे ७९ लाखांची आणि खालची ४५–४९ ची ९८ लाखांची. मधली पट्टी दोघींच्या मध्ये नीट पायरीसारखी बसते. साडेचार लाख न जन्मलेल्या मुलांचा मागमूसही उरत नाही. तरुण-वृद्धांचे ढोबळ प्रमाण पाहायचे असेल तर पाच वर्षांच्या पट्ट्या पुरतात. एखाद्या वर्षी काय घडले ते शोधायचे असेल तर एकेक वर्षाच्या पट्ट्यांचाच मनोरा हवा.

फोटोवरून तरुण आणि वृद्ध यांचे प्रमाण मोजपट्टीने काढता येते का?

फोटो सरळ असेल, सर्व पट्ट्या शून्यापासून सुरू होत असतील आणि सगळे गट पाच वर्षांचे असतील, तर काढता येते. त्यासाठी आडव्या अक्षाचे प्रमाणही लागत नाही, कारण आपल्याला फक्त लांब्यांचे गुणोत्तर हवे असते. अक्षाचे आकडे फोटोतून कापले गेले असतील तेव्हा हीच रीत कामी येते.

समजा, जपानच्या २०२० च्या मनोऱ्याची प्रत अशा आकारात छापली आहे की १ मिलिमीटर म्हणजे १ लाख माणसे. ०–४, ५–९ आणि १०–१४ या तीन गटांच्या दोन्ही बाजूंच्या मिळून सहा पट्ट्यांच्या लांब्या मिळवल्या तर १५० मिमी येतात. १५ ते ६४ वयाच्या पट्ट्यांची बेरीज ७५१ मिमी आणि ६५ पासून शिखरापर्यंतची ३६० मिमी. एकूण १,२६१ मिमी. आता १५० भागिले १,२६१ म्हणजे सुमारे ११.९ टक्के मुले, ७५१ चे ५९.६ टक्के कार्यकारी वयाचे लोक, आणि ३६० चे २८.५ टक्के वृद्ध. कार्यकारी वयाच्या दर शंभर माणसांमागे वृद्ध किती हे हवे असेल तर ३६० ला ७५१ ने भागून ४८ मिळतात. मुले २० मिळतात. दर शंभर मुलांमागे २४० वृद्ध आहेत हेही त्याच आकड्यांतून निघते.

चूक किती होऊ शकते याचाही अंदाज घ्यावा. प्रत्येक पट्टी मोजताना अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होतो. सहा पट्ट्यांत सगळ्या चुका एकाच दिशेने झाल्या तरी त्या ३ मिमी होतात, म्हणजे मुलांच्या टक्क्यात पाव टक्क्याच्या आसपास फरक पडतो. प्रत्यक्षात काही चुका एकमेकींना खोडून काढतात आणि फरक त्याहून कमी राहतो. मात्र शंभरी ओलांडलेल्यांची पट्टी या पद्धतीने मोजू नये. २०२० मध्ये जपानात असे सुमारे ८० हजार लोक होते. आपल्या प्रतीवर ती पट्टी दोन्ही बाजू मिळून ०.८ मिमी भरते, आणि फोटोत ती पट्टी आहे की रेषेची जाडी हेही सांगता येत नाही.

सर्वांत वरची पट्टी एकदम लांब दिसते. तेवढे अतिवृद्ध खरोखर असतात का?

त्या पट्टीवरचे शब्द वाचावेत. ‘८५ व त्यापुढे’ असे लिहिले असेल तर त्या एका पट्टीत ८५ पासून शंभरीपलीकडचे सगळे लोक कोंबलेले असतात, तर खालच्या पट्टीत पाचच वर्षांचे. जपानच्या मनोऱ्यात अशी खुली पट्टी ८०–८४ च्या पट्टीहून लांब भरते आणि मनोऱ्याच्या डोक्यावर टोपी ठेवल्यासारखी दिसते. एकूण वृद्ध मोजताना ती पट्टी जशीच्या तशी धरावी, पण शिखराचा उतार वाचताना ती वगळावी.

डावी आणि उजवी बाजू सारखी नसते, त्यावरून काय समजते?

जन्माच्या वेळी बहुतेक समाजांत दर १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्मतात, म्हणून तळाशी पुरुषांची बाजू किंचित लांब असणे स्वाभाविक आहे. वर जाताना हा फरक मिटतो आणि मग उलटतो, कारण स्त्रिया जास्त जगतात. २०२० मध्ये जपानी पुरुषाचे अपेक्षित आयुर्मान ८१.६ वर्षे होते आणि स्त्रीचे ८७.७. नव्वदीपुढच्या पट्ट्यांत तर स्त्रिया पुरुषांच्या दुपटीहून अधिक आहेत. जपानमध्ये ‘वृद्ध’ हा शब्द आकड्यांच्या दृष्टीने मोठ्या अंशी ‘वृद्ध स्त्री’ असाच वाचावा लागतो. हेच एकट्या कतारच्या मनोऱ्यात पाहिले, तर कामाच्या वयात पुरुषांची बाजू प्रचंड बाहेर आलेली असते. ते तेथे जन्मलेले नसून कामासाठी गेलेले परदेशी पुरुष असतात, त्यांत भारतातूनही पुष्कळ.

भारताचा एकेक वर्षाचा मनोरा पाहिला तर त्यात करवतीसारखे दाते दिसतात. तेही जन्मांतले चढउतार का?

नाहीत. ३०, ३५, ४०, ४५ या वयांवर लांब पट्ट्या आणि त्यांच्या शेजारी आखूड पट्ट्या, असे दाते जनगणनेच्या कच्च्या आकड्यांत दिसतात. अनेकांना नेमके जन्मवर्ष ठाऊक नसते. घरातला माणूस ‘असतील चाळीस’ असे सांगतो आणि मोजणीदार तेच लिहितो. ओळखण्याची खूण सोपी आहे. वयाच्या गोलाईचे दाते प्रत्येक जनगणनेत शून्य आणि पाच यांवरच येतात. खरी खाच मात्र माणसांबरोबर वर सरकते: जपानची १९६६ ची खाच १९८० च्या मनोऱ्यात १४ वर होती, २००० मध्ये ३४ वर आणि २०२० मध्ये ५४ वर. पाच वर्षांच्या पट्ट्या केल्या की भारताचे दाते बरेचसे विरतात. तेथे त्या पट्ट्या उपकारकच ठरतात.

अशा पट्ट्यांचा २०११ चा भारतीय मनोरा पाहिला तर दिसते की ०–४ ची पट्टी ११.३ कोटींची, ५–९ ची १२.७ कोटींची आणि १०–१४ ची १३.३ कोटींची आहे. म्हणजे पाया आत वळू लागला होता. तान्ही मुले मोजणीतून सुटण्याचे प्रमाण आपल्याकडे जास्त असल्यामुळे त्यातला काही भाग दिखाऊ आहे, पण सगळा नाही. मुलांची संख्या प्रत्यक्षातही कमी होत होती. तुलना करताना आणखी एक खबरदारी घ्यावी. भारतात ज्येष्ठ नागरिक ६० वर्षांपासून धरतात, जपानमध्ये ६५ पासून. २०११ च्या भारतातले ८.६ टक्के आणि महाराष्ट्रातले ९.९ टक्के हे ६० पुढचे आकडे आहेत. ते जपानच्या सुमारे साडेअठ्ठावीस टक्क्यांशेजारी मांडायचे तर आधी दोन्ही मनोऱ्यांवर एकाच वयाची आडवी रेषा मारावी लागेल.

जपानी जोडप्यांनी आता जास्त मुले होऊ दिली, तर पाया पुन्हा रुंद होईल का?

लवकर नाही, आणि त्याचे कारण मनोऱ्यातच दिसते. जन्मांची संख्या दोन गोष्टींवर ठरते: एका स्त्रीला सरासरी किती मुले होतात आणि मुले होण्याच्या वयातल्या स्त्रिया किती आहेत. पहिली गोष्ट बदलू शकते, दुसरी मनोऱ्यात आधीच लिहून ठेवलेली असते. १९७१–७४ ची मोठी पिढी विशीतिशीत असताना तिसरा फुगवटा अपेक्षित होता. तो आलाच नाही, कारण तोपर्यंत लग्ने लांबली, कमी झाली आणि २००५ मध्ये प्रजनन दर, म्हणजे एका स्त्रीमागे मुलांची सरासरी, १.२६ पर्यंत खाली गेला होता. ती पिढी आता त्या वयातून बाहेर पडली आहे. फोटोत २० ते ३९ या चार पट्ट्यांच्या उजव्या बाजू पाहाव्यात: त्या ४५–४९ च्या पट्टीहून आखूड आहेत, आणि त्यांच्या खालच्या पट्ट्या आणखी आखूड. या स्त्रियांना आधीच्या पिढीइतकीच मुले झाली तरी तळाची पट्टी आधीपेक्षा छोटीच भरेल. झालेही तसेच: २०१६ मध्ये वार्षिक जन्म दहा लाखांच्या खाली गेले आणि २०२३ मध्ये ते सुमारे ७ लाख २७ हजार होते.

साठ वर्षांच्या चक्रात हिनोए-उमा पुन्हा २०२६ मध्ये येते. याआधीची दोन १९०६ आणि १९६६ मध्ये आली होती. त्या वर्षाचा परिणाम पाहायचा असेल तर पुढच्या एखाद्या जनगणनेचा, एकेक वर्षाच्या पट्ट्यांचा मनोरा घ्यावा आणि त्याच्या वर्षातून २०२६ वजा करून येणाऱ्या वयावर बोट ठेवावे. उदाहरणार्थ, २०३० च्या मनोऱ्यात ते वय ४ असेल. मात्र तेथे खाच शोधताना वरखालच्या पट्ट्याही पाहाव्यात, कारण सगळाच पाया उतरता असल्यामुळे लहानशी खाच त्या उतारातच मिसळून जाऊ शकते.